बंड्या विरुद्ध गजर: गॅदरिंगमधल्या एका कथाकथनाचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

दक्षिण मुंबईतलं एक कॉलेज, चर्चगेटपासून चालत जाता येईल असं, आणि त्याचं मुलांचं हॉस्टेल स्टेशनच्या दुसऱ्या अंगाला. कॉलेजचं आणि मुलाचं नाव देत नाही, ओळख पटेल असे एकदोन तपशीलही बदललेत, बाकी जसं घडलं तसं लिहितेय. दर वर्षी गॅदरिंगच्या एका संध्याकाळी नाच-गाण्यांच्या मधे एक कथाकथन असतं, प्रत्येक आयटमला ८ मिनिटं मिळतात. मी त्या कॉलेजची जुनी विद्यार्थिनी, कथाकथनाच्या तालमी मी घेते. त्या वर्षी सेकंड इयरचा एक पोरगा आला, साताऱ्याकडचा, हॉस्टेलवर राहणारा. म्हणाला ताई, माझ्याकडे माझ्याच आयुष्यातली गोष्ट आहे, मी आणि माझं गजराचं घड्याळ.

गोष्ट थोडक्यात अशी. सातचं लेक्चर, आणि पठ्ठ्याला जाग येत नाही. आधी मोबाईलचा अलार्म, तो झोपेतच स्नूझ होतो. मग वडील गावाहून चावीचं घड्याळ पाठवतात, वर दोन घंट्या आणि मधे हातोडी असलेलं. ते टेबलावर ठेवलं तर हात लांबवून बटण दाबतो आणि पुन्हा झोपतो. मग ते कपाटावर, स्टीलच्या परातीत ठेवतात, तर अख्खा मजला उठतो आणि हा सोडून सगळे दात घासायला जातात. मग रूम पार्टनरला सांगून ठेवतो की मला उठव, आणि सकाळी भांडतो की उठवलं का नाहीस, तर पार्टनर म्हणतो अरे तू उठलास, माझ्याशी बोललास, "हो उठतोय, तू चहा सांग" म्हणालास आणि भिंतीकडे तोंड करून झोपलास. हे अगदी खरं असतं बरं का, अर्धवट जागेपणी माणूस सुसंगत उत्तर देतो आणि नंतर त्याला त्यातलं काहीही आठवत नाही.

आणि शेवट असा की एका दुपारी तो जेवून आल्यावर आजच काय तो निकाल लावू म्हणून घड्याळाला आत्ताच चावी भरून ठेवतो, म्हणजे रात्री विसरायला नको. गजराचा काटा सहावर. मग जरा आडवा होतो. घड्याळ वाजतं, तो पहिल्या झटक्यात उठतो, आंघोळ, इस्त्रीचा शर्ट, बॅग, आणि पळत कॉलेज. तिथे गेटवर वॉचमन काका सांगतात, बाळा संध्याकाळचे सव्वासहा वाजलेत.

ऐकल्या ऐकल्या मला आवडली. ह्या गोष्टीत घड्याळ जिंकतं ते स्वतःच्या स्वभावाने जिंकतं. चावीच्या घड्याळाची तबकडी १२ तासांची, त्याला सकाळ आणि संध्याकाळ हा फरकच माहीत नाही. गजराचा स्प्रिंग भरलेला आहे, वरचं बटण वर आहे, आणि काटा सहावर आला की ते वाजणार, मग तो कुठलाही सहा असो. म्हणजे योगायोग काही नाही, पोराच्या उत्साहातूनच त्याची हार निघालेली.

अडचण

पहिली तालीम हॉस्टेलच्या मेसमध्ये, रात्रीच्या जेवणानंतर. समोर त्याचेच मित्र, हसायला तयारच बसलेले. परातीपर्यंत तुफान चाललं, पार्टनरच्या भांडणाला पोरं टेबलं वाजवत होती. आणि शेवटी वॉचमन काकांचं वाक्य आलं आणि शांतता. दोघंतिघं हसले, बाकीचे एकमेकांकडे बघत होते, एकाने तर सरळ विचारलं, "म्हणजे घड्याळ बिघडलं होतं का?"

पोरगा नाराज झाला, म्हणाला पंच कमजोर आहे, नवीन शेवट लिहितो. मला तसं वाटत नव्हतं. मी मोबाईलवर रेकॉर्डिंग केलेलं, ते आम्ही दोघांनी पुन्हा ऐकलं आणि मग कळलं. घड्याळ १२ तासांचं आहे ही गोष्ट त्याने सांगितली होती की, वडिलांच्या फोनमध्ये होती. वडील म्हणतात, "आरं मागं दोन चाव्या हायती, एक वेळंची, एक गजराची. आन् ते बारा तासाचं हाय, रात्री निजतानाच भरायचं. आन् आदळू नगंस, माज्या लग्नातलं हाय, तुज्या आईपरास जास्त टिकलंय." पण त्याने हे एका दमात म्हटलेलं आणि वडिलांची बोली ऐकून पोरं पहिल्या चावीलाच हसायला लागली होती. "बारा तासाचं हाय" हे त्या हशात बुडालं. रेकॉर्डिंगमध्येसुद्धा कान लावून ऐकलं तेव्हा सापडलं.

विनोदी कथाकथनात ही जागा सगळ्यात अवघड असते आणि लिहून वाचताना ती कधीच दिसत नाही, कारण कागदावर हसू नसतं. शेवटच्या हशासाठी जी माहिती लागते ती श्रोत्यांना ऐकू तर गेली पाहिजे, पण ही पुढे कामाला येणारे असं वाटता कामा नये. ऐकूच गेली नाही तर शेवट कळत नाही, आणि ठळक झाली तर शेवट आधीच फुटतो.

दुसरी अडचण माझ्याच डोक्यात आली. त्याला संध्याकाळ कळली कशी नाही? उजेड दिसत नाही का माणसाला? त्याच्या पहिल्या खर्ड्यात गोष्ट कॉलेज सुरू झाल्यावरची होती, जूनची. जूनमध्ये मुंबईत सूर्य सव्वासातनंतर मावळतो, सव्वासहाला बाहेर चांगला दिवस असतो, ढग धरले तरी ती पहाट वाटणार नाही. श्रोता असा हिशोब मांडून बसत नाही हे मान्य, पण कुठेतरी "छे, असं कसं" असं वाटलं की हसू अर्ध्यावर अडतं.

आणि तिसरी म्हणजे गोष्ट "मी" मधे होती. ह्या गोष्टीतल्या सगळ्यात मजेशीर गोष्टी घडतात कधी, तर नायक झोपलेला असताना! परात वाजते, मजला उठतो, पार्टनर बादली घेऊन उभा राहतो, आणि "मी" तर गाढ झोपेत. मग तो सारखं "मला नंतर कळलं की", "म्हणे मी असं म्हणालो" असं करत होता आणि प्रत्येक प्रसंग शिळा होऊन येत होता.

समोर काय काय पर्याय होते

घड्याळाच्या आवाजापासून सुरू करते कारण त्यावर आमची सगळ्यात जास्त वादावादी झाली. पोराचा हट्ट होता की खरं घड्याळ स्टेजवर आणायचं. ते तसं जमतंही. गजराच्या काट्याला मिनिटांच्या खुणा नसतात म्हणून ते नेमकं कधी वाजेल ह्याचा भरवसा नाही, पाचदहा मिनिटं इकडेतिकडे होतातच, पण त्यावर उपाय आहे. काटा आत्ताच्या वेळेच्या जरा आधीवर लावायचा, वरचं बटण दाबलेलं ठेवायचं आणि हवं तेव्हा बटण वर ओढायचं, लगेच वाजतं. आम्ही हॉलमध्ये करून पाहिलं. माईकजवळ ठेवलं तर घंटी स्पीकरमधून फाटकी येते, आणि मधल्या शांत जागांत टिकटिक ऐकू येत राहते, त्यामुळे लोकांचं लक्ष त्या टेबलाकडे. लांब ठेवलं तर पंख्यांच्या आवाजात मागच्या रांगांना जेमतेम.

दुसरा पर्याय साऊंडवाल्याकडे रेकॉर्डेड आवाज देणं. सोपं, पण मग क्यू त्याच्या हातात. अर्धा सेकंद उशिरा आला तरी कथाकार स्टेजवर वाट बघत उभा दिसतो.

तिसरा म्हणजे तोंडाने काढणं. जीभ टाळ्याला लावून "टर्रर्रर्र". पोराला हे लहान मुलांसारखं वाटत होतं. मला हेच हवं होतं, कारण खरं घड्याळ दर वेळी एकसारखं वाजतं. तोंडाचं घड्याळ पहिल्या दिवशी पाहुण्यासारखं हळू वाजू शकतं, परातीत चिडू शकतं, बटण दाबल्यावर वाक्य अर्धवट तोडल्यासारखं "टर्र..." करून थांबू शकतं. भांडण आहे म्हटल्यावर समोरच्यालाही स्वभाव लागतो ना.

नायकाचं काय करायचं ह्यात दोनच वाटा होत्या. "मी" ठेवून झोपेतले प्रसंग कापायचे, किंवा सांगणारा बदलायचा. मी म्हटलं, अरे तू तुझ्या रूम पार्टनरच्या तोंडून सांग. झोपणारा बंड्या, आणि तू जागा असलेला पार्टनर. तो दोन दिवस विचार करत होता, म्हणाला ताई पण मग माझी गोष्ट माझी राहत नाही. त्याचं म्हणणं मला कळत होतं. "मी" म्हणून सांगितलं की श्रोते लगेच माया करतात, ते पार्टनरच्या तोंडून होत नाही. पण पार्टनर म्हणजे ज्याची झोप रोज मोडते तो माणूस, त्याची चिडचिड फुकटात मिळते. खऱ्या पार्टनरला विचारलं, तो तर खूश झाला, एकच अट घातली की मी घोरतो ते सांगायचं नाही.

रेक्टर सरांची नक्कलही होती एक, परातीच्या प्रसंगात, आणि मेसमध्ये ती खूप चालली. ती काढली. सर पहिल्या रांगेत बसणार, आणि पोरं गोष्ट सोडून सरांच्या चेहऱ्याकडे बघत बसली असती.

काय केलं

आधी वेळ कापली. त्याचा खर्डा हजार शब्दांच्या आसपास होता आणि तो मिनिटाला ११० ते १२० शब्द बोलत होता, म्हणजे कुणी हसलंच नाही तरी ८ मिनिटांच्या वर. हसू आलं की थांबावं लागतं, आणि नाही थांबलं तर पुढचं वाक्य वाया जातं. म्हणून साधारण ७५० शब्दांवर आणलं, मोबाईलच्या स्नूझचा प्रसंग तर दोन वाक्यांत उरकला, कारण तो सगळ्यांच्या घरचा आहे, त्यात सांगण्यासारखं नवीन काही नाही.

महिना बदलला, जूनचा डिसेंबर केला. डिसेंबरच्या मध्यावर मुंबईत सूर्य सातच्या जरासा पुढे उगवतो आणि सहाच्या जरासा पुढे मावळतो. म्हणजे संध्याकाळी सव्वासहाचा उजेड आणि सकाळी पावणेसातचा उजेड जवळपास सारखाच, आकाश करडं, रस्त्यावरचे दिवे लागलेले. सातच्या लेक्चरला जाणाऱ्या माणसाला जे दिसायला हवं तेच बंड्याला दिसतं. ह्यासाठी गोष्टीत वेगळं काही सांगायची गरजच पडली नाही, फक्त सुरुवातीला "डिसेंबरचे दिवस, थंडी म्हणावी अशी नाही पण पांघरूण सोडवत नाही" एवढं एक वाक्य. ते झोपेसाठी आलंय असं वाटतं आणि काम उजेडाचं करतं.

आता मुख्य गाठ, "बारा तासाचं हाय". तीन जागी ठेवून पाहिलं. आधी गोष्टीच्या शेवटाजवळ, चावी भरतानाच, तर मेसमधली पोरं तिथेच ओरडली, "अरे संध्याकाळी वाजणार!" मग सुरुवातीला वेगळं वाक्य करून, निवेदकाच्या तोंडी, ते इतकं कोरडं वाटलं की सगळ्यांच्या लक्षात राहिलं. शेवटी वडिलांच्या फोनमध्येच परत आणलं पण क्रम फिरवला. आता वडील आधी बोलतात ते बारा तासांचं, एकदम साधं, काळजीच्या सुरात: "हे बग, बारा तासाचं घड्याळ हाय, रात्री निजतानाच भरायचं." मग पोराने एक श्वास थांबायचं, आणि मग दोन चाव्या, आणि मग "तुज्या आईपरास जास्त टिकलंय". हसू शेवटी येतं, माहिती हशाच्या आधी शांततेत पोचलेली असते, आणि हसलं की माणूस त्याच्या आधीचं वाक्य मनात धरून बसत नाही. ऐकू जातं पण डोक्यावर बसत नाही. वडिलांची बोलीही जरा कमी केली, कारण बोली ऐकूनच हसत होते लोक, आणि खरं सांगायचं तर मला ते आवडतही नव्हतं. बापाच्या बोलण्यातली मजा त्याच्या काळजीत आहे, "हाय-न्हाय" मधे नाही.

मग राहिला शेवट. सांगणारा आता पार्टनर, मग बंड्या एकटा कॉलेजला पळाला ते ह्याने पाहिलं कसं? इथे त्या पोरानेच जे सुचवलं ते सोनं होतं. पार्टनर संध्याकाळी दादरला निघालाय. चर्चगेटला संध्याकाळी सहानंतर काय असतं ते मुंबईत राहणाऱ्याला सांगायला नको, फोर्टपासून नरिमन पॉइंटपर्यंतची सगळी ऑफिसं सुटतात आणि अख्खा रस्ता स्टेशनच्या तोंडाकडे वाहत असतो. सकाळी बरोबर उलटं, स्टेशनातून बाहेर. तर त्या गर्दीतून पार्टनर स्टेशनकडे चाललाय आणि समोरून एकटा बंड्या, ओले केस, पाठीला बॅग, गर्दी फोडत उलट्या दिशेने. पार्टनरला बघून बंड्याचा चेहरा फुलतो आणि तो म्हणतो, "अरे वा! आज तूपण उठलास?"

आणि मग गेट, वॉचमन काका, संध्याकाळचे सव्वासहा.

ह्यावर आमचं बराच वेळ चाललं की वॉचमन काका ठेवायचे की नाही. मेसमध्ये गर्दीचं वाक्य चाललंच नाही, तिथे बहुतेक पोरं गावाकडची, त्यातली बरीच पहिल्या वर्षाची, स्टेशनची गर्दी कधी कुठल्या दिशेला असते हे त्यांच्या अंगात अजून मुरलेलं नव्हतं. त्यांना वॉचमन काकांनी वेळ सांगितल्यावर कळलं. म्हणून ठेवले.

त्या संध्याकाळी

हॉल भरलेला, खाली-वर मिळून चारेकशे माणसं असतील. त्याच्या आधी एक ग्रुप डान्स झालेला, त्यामुळे सगळे गरम आणि गडबडीत. त्याने माईक स्टँडवरच ठेवला, तोंडापासून चार बोटं, आणि पहिलं "टर्रर्र" इतकं हळू काढलं की मागचे "आवाज, आवाज" म्हणाले. तो वाढवायला गेला नाही. थांबला, पुन्हा तसंच काढलं, तोवर हॉल शांत झालेला. मला विंगेत उभं राहून एवढं बरं वाटलं, कारण तालमीत हे कधीच झालं नव्हतं, ते त्याचं त्याने केलं.

वडिलांचा फोन नीट गेला. परातीला हॉल फुटला. पार्टनरच्या भांडणात तर मागून कुणीतरी "माझा पण असाच आहे" असं ओरडलं.

आणि मग एक गोष्ट झाली जी कुणीच धरली नव्हती. आयोजकांचा टाइमकीपर प्रत्येकाला ७ मिनिटांवर वॉर्निंग बेल देत होता, टेबलावरची टिंग करणारी घंटी. इथे ती नेमकी वाजली ते बंड्या दुपारी आडवा झाला तिथे. पूर्ण हॉल हसला. पोराने टाइमकीपरकडे बघितलं, मग शेजारी जमिनीकडे, जिथे बंड्या झोपलाय असं त्याने मगाशी दाखवलेलं, आणि म्हणाला, "बघा, ह्यालाही नाही उठला." त्या रात्रीचं पहिलं मोठं टाळ्यांचं हसू हे. पण पुढच्याच वाक्यात खरं घड्याळ वाजणार होतं आणि बंड्या पहिल्या टर्रला उठणार होता, ती जागा ह्यामुळे पातळ झाली. तरी बंड्या उठला म्हटल्यावर टाळ्या पडल्या, लोकांना खरंच वाटलं की जिंकला.

मग चर्चगेट. "सगळी मुंबई स्टेशनकडे निघालेली" एवढं त्याने म्हटलं आणि अर्धा हॉल तिथेच हसायला लागला. मुंबईची पोरं. उरलेला अर्धा त्यांच्याकडे बघायला लागला, आणि "आज तूपण उठलास?" ला तोही फुटला. दोन टप्प्यांत आलेलं असं हसू मी फार कमी वेळा ऐकलंय, पहिलं विरतंय तोवर त्याच्यावर दुसरं चढतं. पोरगा थांबला, जेवढं थांबायला हवं तेवढं थांबला.

आणि मग वॉचमन काका आले. लोक हसले, पण आपल्याला माहीत असलेली गोष्ट कुणी पुन्हा सांगितली की हसतात तसं. त्या पडलेल्या हशाने तो जरा घाबरला असावा, कारण त्यानंतर त्याने न लिहिलेली तीन वाक्यं घातली, तेव्हापासून बंड्याने घड्याळ गावी पाठवलं, तो आता दहाच्या लेक्चरलाच बसतो वगैरे. टाळ्या मिळाल्या, चांगल्या मिळाल्या, पण त्या आधीच्या हशाच्या होत्या. वेळ ८ मिनिटांच्या पुढे गेली, आयोजकांनी पुढच्या आयटमला जरा घाई केली, एवढंच.

वेगळं काय करता आलं असतं

मेसमध्ये जे कळलं नाही ते हॉलमध्ये कळलं, ह्याचं कारण श्रोते वेगळे होते, आणि तालीम फक्त हॉस्टेलच्या पोरांसमोर झाली होती. एखादी तालीम लोकलने ये-जा करणाऱ्या पोरांसमोर घेतली असती तर गर्दीच्या वाक्याचं वजन आधीच दिसलं असतं आणि वॉचमन काकांचा निर्णय वेगळा झाला असता. माझं मत आता पक्कं आहे, "आज तूपण उठलास?" हाच शेवट. त्यात वेळ सांगितलेली नाही, श्रोता ती स्वतः लावतो, म्हणून हसू त्याचं स्वतःचं असतं. पोराला हे पूर्ण पटलेलं नाही, तो म्हणतो ज्यांना नाही कळलं त्यांचं काय. हा मुद्दा खोटा नाही. मधला मार्ग म्हणजे वेळेची खूण गर्दीच्या आधी कुठेतरी टाकणं, उदाहरणार्थ पार्टनर निघताना मेसमध्ये संध्याकाळचा चहा संपलाय हे म्हणतो, पण ते ठेवलं तर मुंबईच्या पोरांचं पहिलं हसू आधी येईल आणि दोन टप्पे एकात मिसळतील. मी ते नाही करणार.

घंटीचं म्हणाल तर टाइमकीपर बेल देतो हे आम्हाला माहीत होतं, दर वर्षी देतो. गजराच्या गोष्टीत ७व्या मिनिटाला घंटी वाजणार हे धरून गोष्टच तशी मांडता आली असती, म्हणजे ७व्या मिनिटाला बंड्या रात्रीच्या झोपेत असेल, परातीच्या आसपास, तिथे ती फुकटची मदत झाली असती. हसण्याची वेळ आधी मोजता येत नाही त्यामुळे नेमकं जुळणं कठीण, पण निदान शेवटच्या गजराच्या तोंडावर ती येऊ नये एवढं तरी शब्द कमीजास्त करून बघता येतं. त्याने उत्तर दिलं ते बरोबरच केलं, हॉल हसत असताना घंटी ऐकूच आली नाही असं दाखवणं खोटं वाटलं असतं. फक्त त्यानंतर लगेच पुढे न जाता, हॉल पूर्ण शांत होऊ देऊन, दुपारची झोप एका वाक्याने परत उभी करायला हवी होती, पंखा, पडदा, काहीही, म्हणजे खरा टर्रर्र वेगळा ऐकू आला असता.

आणि ती शेवटची तीन वाक्यं. ह्यावर तालमीत करता येण्यासारखा एकच उपाय मला माहीत आहे, शेवटचं वाक्य बोलून नमस्कार करून बाहेर चालत जाण्याचीसुद्धा तालीम घ्यायची, समोर कुणी हसो न हसो. आम्ही शेवटच्या वाक्यापर्यंत तालीम घेत होतो आणि तिथून गप्पा सुरू व्हायच्या, त्यामुळे स्टेजवरून निघायचं कसं हे त्याच्या पायांना माहीतच नव्हतं.

फेब्रुवारीत हॉस्टेलच्या निरोप समारंभात त्याने गोष्ट पुन्हा सांगितली, ह्या वेळी वॉचमन काकांशिवाय. "आज तूपण उठलास?", नमस्कार, खाली उतरला. हसू चांगलं आलं, हॉलइतकं नाही पण मेसमधल्या पहिल्या रात्रीपेक्षा किती तरी जास्त, कारण तोवर पहिल्या वर्षाच्या पोरांनीही चर्चगेटची संध्याकाळ पुरेशी अंगावर घेतली होती. एकच पोरगा जेवताना त्याच्याजवळ आला आणि विचारलं, "दादा, मग तो लेक्चरला पोचला का?" तर हा माझ्याकडे बघून म्हणाला, "बघा ताई, एक राहिलाच."